हॉटेलच्या किचनमधली ट्रेड टेस्ट: फोन येण्यापासून ओटा पुसून देईपर्यंत

हॉटेलात कुकची भरती करताना मी पॅनलवर बसतो. हाताला चव असलेली मुलं ट्रेड टेस्टमध्ये, म्हणजे स्वयंपाक करून दाखवायच्या चाचणीत, बाद होताना दिसतात, आणि त्याचं कारण पदार्थात क्वचितच असतं. कामाचा क्रम चुकलेला असतो. कच्चं चिकन आधी कापलं, त्याच हातांनी कोथिंबीर चिरली, भात उशिरा लावला, आणि शेवटी ओट्यावर भांड्यांचा डोंगर ठेवून ताट पुढे केलं. ताटातला रस्सा सुरेख असला तरी शेफने तोवर कागदावर फुली मारलेली असते.

हा लेख कॉमी-१ किंवा कॉमी-२, म्हणजे शेफच्या हाताखालचा सुरुवातीचा कुक, या जागेसाठी, इंडियन सेक्शनची चाचणी देणाऱ्यांसाठी लिहिला आहे. हॉटेल मॅनेजमेंट करून आलेले, खानावळीत हात बसलेले आणि लग्नाच्या केटरिंगमध्ये आचाऱ्यांच्या हाताखाली तयार झालेले, अशा तिघांचे अडण्याचे मुद्दे वेगळे असतात. ते जागोजागी सांगितले आहेत.

## टप्पा १: बोलावणं आलं की फोनवरच विचारून घ्या

एचआरचा फोन आला की बहुतेक जण "हो सर, येतो सर" म्हणून ठेवून देतात. त्याच फोनवर चार गोष्टी विचारल्या तर कुणी नाराज होत नाही. चाचणी किती वेळाची आहे? मेन्यू आधी सांगणार की तिथे टोपली समोर ठेवणार? किती पोर्शन करायचे? सुरी आणि युनिफॉर्म स्वतःचा आणायचा का?

सरळ असं म्हणा: "मॅडम, ट्रेड टेस्ट इंडियन सेक्शनचीच आहे ना? वेळ किती असेल आणि सुरी माझी आणू का?" एवढं पुरतं. तीन ठिकाणांचे मेन्यू पाठवून "यातलं काय करू" असं विचारत बसू नका.

चाचणी साधारण तासाभराची किंवा दीड तासाची असते. कॉमीला सहसा साधाच पदार्थ देतात: एखादी ग्रेव्ही, एक भात, एक थंड पदार्थ, आणि सुरुवातीला कांदा-गाजर ठराविक आकारात चिरून दाखवणं. ऑम्लेट करायला सांगणारे शेफही बरेच आहेत, कारण अंडं काही लपवू देत नाही.

तपासा: पत्ता मुख्य दाराचा आहे की स्टाफ एंट्रीचा? मोठ्या हॉटेलात स्टाफचं दार मागच्या गल्लीत असतं, तिथे सिक्युरिटीला ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते. त्यात वीस मिनिटं सहज जातात.

## टप्पा २: सराव घड्याळ लावून करा, पदार्थ बदलू नका

इथे सगळ्यात जास्त चूक होते. चाचणी चार दिवसांवर आली की मुलं व्हिडिओ बघून नवीन पदार्थ शिकायला घेतात. त्यापेक्षा जे येतं तेच घड्याळ लावून, भांडी घासण्यासकट, पुन्हा पुन्हा करा.

घरी सराव करताना मोबाइलवर नव्वद मिनिटांचा टायमर लावा आणि एक कागद जवळ ठेवा. कांदा चिरायला किती मिनिटं लागली, परतायला किती, भात लावल्यापासून मुरेपर्यंत किती, हे लिहून ठेवा. पाव किलो कांदा नीट बदामी व्हायला पंधरा मिनिटं लागतात हे एकदा स्वतःच्या कागदावर दिसलं की चाचणीत तो आठ मिनिटांत उरकायचा मोह होत नाही. कच्च्या कांद्याचा वास रश्श्यात राहिला तर कितीही गरम मसाला घाला, शेफला पहिल्या घोटातच कळतं.

खानावळीतून आणि केटरिंगमधून आलेल्यांसाठी एक वेगळा सराव आहे. तुमचा हात पन्नास किंवा पाचशे माणसांच्या अंदाजाने चालतो. दोन पोर्शनच्या भांड्यात मीठ आणि तिखट तुम्ही जास्त टाकता, आणि पाणी तर हमखास जास्त पडतं. म्हणून वजनकाटा घ्या. अर्धा किलो चिकनला तुमच्या हाताने मीठ किती ग्रॅम पडतं ते मोजा. हॉटेलात रेसिपी ग्रॅममध्ये लिहिलेली असते आणि "अंदाजाने" हे उत्तर शेफला आवडत नाही.

कॉलेजमधून आलेल्यांचा प्रश्न उलटा आहे. मोजमाप पाठ असतं, पण हात सावकाश चालतो. तुम्ही रोज एक किलो कांदा चिरा. तुकडे एकसारखे येणं महत्त्वाचं, वेग मागून येतो. तुकडे लहान-मोठे असले की लहान जळतात आणि मोठे कच्चे राहतात. शेफ चिरणं एवढं बारकाईने बघतात ते याचसाठी.

सावधान: सराव करताना चव घेतलेला चमचा परत भांड्यात घालायची सवय घरीच मोडा. चाचणीच्या दिवशी ती आपोआप मोडत नाही.

## टप्पा ३: आदल्या दिवशीची बॅग आणि नखं

बॅगेत स्वच्छ, इस्त्री केलेला शेफ कोट, एप्रन, टोपी, काळी पँट किंवा चेक्सची पँट, न घसरणारे बंद बूट, दोन कोरडे डस्टर, पेन, मार्कर, छोटी वही आणि चव घ्यायला चार-पाच चमचे. सुरी न्यायची असेल तर धार लावून, म्यानात घालून बॅगेच्या आत ठेवा. मेट्रोने जाणार असाल तर तपासणीत सुरी अडू शकते, तेव्हा दुसरा मार्ग ठरवा किंवा हॉटेलची सुरी वापरायची परवानगी आधी घ्या.

नखं मुळापर्यंत कापा. अंगठी, घड्याळ, हातातला दोरा, कडं काढून ठेवा. श्रद्धेचा गंडा असेल आणि काढायचा नसेल तर आधीच शेफना सांगा, लपवू नका. दाढी ठेवली असेल तर बिअर्ड नेट मागा. अत्तर किंवा वासाचा स्प्रे नको, त्याचा वास अन्नाला लागतो.

पोट बिघडलं असेल, उलट्या होत असतील किंवा हातावर पू झालेली जखम असेल तर चाचणी पुढे ढकलायला सांगा. अशा अवस्थेत अन्नाला हात लावणं नियमात बसत नाही. हे आधी कळवणाऱ्याला शेफ दुसरी तारीख देतात, आणि कळवलं याचीच चांगली नोंद घेतात.

## टप्पा ४: तोंडी मुलाखत

ही चाचणीच्या आधी दहा-पंधरा मिनिटांची असते. आधी काय केलंत, कुठल्या सेक्शनला होता, रोज किती कव्हर, म्हणजे किती जणांचं जेवण, जायचे, हे विचारतात. खरा आकडा सांगा. "रविवारी दोनशे कव्हर, मी ग्रेव्हीवर होतो, सोबत एक जण" हे उत्तर चांगलं. "सगळं करायचो" या उत्तरातून शेफला काहीच समजत नाही, आणि पुढचा प्रश्न अडचणीत आणणारा येतो.

मग स्वच्छतेकडे वळतात. इथे पाठ केलेली व्याख्या नको असते, तुम्ही काय करता ते हवं असतं. नेहमीचे तीन प्रश्न आणि ते का विचारतात, हे समजून घ्या.

पहिला: "दुपारचं डाळीचं पातेलं उरलं आहे, काय कराल?" चुकीचं उत्तर: "थंड झालं की फ्रीजमध्ये ठेवीन." पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. मोठं पातेलं ओट्यावर ठेवलं तर त्याचा मधला भाग तासन्‌तास याच पट्ट्यात राहतो. बरोबर उत्तर असं: डाळ उथळ ट्रेमध्ये काढीन, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळीन, दोन तासांत साठवरून एकवीस अंशांवर आणि पुढच्या चार तासांत पाचच्या खाली आणीन, मग झाकून तारीख-वेळेचं लेबल लावून ठेवीन. परत देताना आतपर्यंत पंच्याहत्तर अंश गरम करीन आणि एकदाच गरम करीन.

दुसरा: "उरलेला भात?" भात शिजला तरी बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू त्यात जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून भात पसरून लवकर थंड करायचा. बीजाणूंचं नाव आठवलं नाही तरी चालेल, "परत गरम करून विष जात नाही" हे मात्र माहीत हवं.

तिसरा: "चॉपिंग बोर्डचे रंग सांगा." लाल कच्च्या मटणासाठी, निळा माशासाठी, हिरवा भाज्या-फळांसाठी, पांढरा ब्रेड आणि दुग्धजन्य पदार्थांसाठी, हे बहुतेक ठिकाणी सारखं असतं. पिवळा मात्र कुठे कच्च्या चिकनसाठी वापरतात, कुठे शिजवलेल्या मांसासाठी. म्हणून रंग सांगून पुढे म्हणा, "शेफ, पिवळा तुमच्याकडे कशासाठी आहे ते बघून घेतो." ठाम चुकीपेक्षा हा प्रश्न केव्हाही चांगला.

फॉस्टॅक हे अन्नसुरक्षेचं सरकारी प्रशिक्षण घेतलं असेल तर प्रमाणपत्र सोबत न्या. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते. आधीच्या नोकरीतलं फिटनेस सर्टिफिकेट असेल तर तेही फाइलमध्ये लावा.

तपासा: आधीच्या शेफबद्दल किंवा हॉटेलबद्दल तक्रार तोंडातून निघत नाही ना? नोकरी सोडण्याचं कारण एका वाक्यात सांगा आणि थांबा.

## टप्पा ५: पहिली दहा मिनिटं, गॅस न लावता

घड्याळ सुरू झालं की सगळे कढईकडे धावतात. पहिली दहा मिनिटं गॅसला हात लावू नका.

आधी कागद दोनदा वाचा. मग सामान कागदाशी ताडून बघा: दही आहे का, तांदूळ किती आहे, चिकनचा वास ठीक आहे का, पाकिटावरची तारीख उलटून गेली नाही ना. काही शेफ मुद्दाम तारीख उलटलेलं दही किंवा पिवळी पडलेली कोथिंबीर टोपलीत ठेवतात. तुम्ही ती बाजूला काढून "शेफ, याची तारीख गेली आहे, दुसरं मिळेल का?" विचारता का, हेच त्यांना बघायचं असतं.

नंतर हात धुवा, तेही हात धुण्याच्या सिंकवर. भाजी धुवायच्या सिंकमध्ये हात धुतला की तिथेच एक फुली पडते. साबण लावून निदान वीस सेकंद, बोटांच्या मधून, अंगठ्याभोवती, नखांखाली चोळा, आणि कागदी टॉवेलने पुसा. एप्रनला हात पुसू नका.

मग ओटा. आधी साबणाच्या पाण्याने पुसायचा, नंतर सॅनिटायझर. तेलकट ओट्यावर थेट सॅनिटायझर मारला तर तो तेलावरच राहतो, काम करत नाही. बोर्डखाली ओला कागद किंवा ओलं कापड ठेवा म्हणजे तो सरकणार नाही. थर्मामीटर दिला असेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघा. हे करणारे उमेदवार फार थोडे, पण पॅनलची नजर तिथे लगेच जाते.

शेवटी कागदावर पाच ओळींचा प्लॅन लिहा. कुठला पदार्थ सर्वांत जास्त वेळ घेतो ते वर लिहा, आणि ताट कितव्या मिनिटाला वाढायचं तिथून उलटं मोजत या.

## टप्पा ६: नव्वद मिनिटं, एका मेन्यूवर

समजा दिलं आहे: हाडासह चिकन करी, जिरा राइस आणि काकडीचा रायता, दोन पोर्शन. सामान: अर्धा किलो चिकनचा मोठा तुकडा, दीडशे ग्रॅम बासमती, पाव किलो कांदा, दोनशे ग्रॅम टोमॅटो, दही, एक काकडी, आलं-लसूण, कोथिंबीर, कोरडे मसाले.

मिनिट ८: तांदूळ धुऊन भिजत घाला. अर्धा तास भिजायला लागतो, आणि हे विसरलं की पुढे कशानेच भरून येत नाही. चिकन फ्रीजमध्येच, सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकून. वर ठेवलं तर त्याचं पाणी खालच्या तयार अन्नावर गळतं.

मिनिट १० ते १८: हिरव्या बोर्डवर कांदा, बारीक आणि एकसारखा. कढईत तेल तापवून कांदा टाका, चिमूटभर मीठ घाला म्हणजे तो लवकर पाणी सोडतो.

मिनिट १८ ते ३३: कांदा परतताना बोर्ड पुसून आधी काकडी किसा किंवा चिरा, कारण ती कच्ची खायची आहे. झाकून, लेबल लावून फ्रीजमध्ये. मीठ आत्ता घालू नका, पाणी सुटेल. मग टोमॅटो, आलं-लसूण, कोथिंबीर. टरफलं आणि देठं एका वाडग्यात गोळा करा, ओट्यावर पसरू नका.

सावधान: कांद्याची शेवटची पाच मिनिटं चिकनला हात लावू नका. पुष्कळ मुलं वेळ वाचवायला याच वेळी चिकन कापायला घेतात. हात खराब असतात, कांदा करपायला लागतो, मग त्याच हातांनी कालथा उचलतात. तो कालथा, कढईची मूठ आणि गॅसचं बटण तिन्ही दूषित होतात. पॅनल हे बघत असतं.

मिनिट ३३ ते ३६: आलं-लसूण दोन मिनिटं परता. हळद, तिखट, धणेपूड थोड्या पाण्यात कालवून घाला. कोरडी घातली तर तळाला करपते आणि रस्सा कडू होतो. टोमॅटो घाला, गॅस बारीक, झाकण.

मिनिट ३६ ते ४७: आता चिकन. वेगळा बोर्ड, वेगळी सुरी. नळाखाली धुऊ नका, शिंतोडे आजूबाजूला उडतात आणि जंतू पसरतात. कापा, मीठ-हळद लावा. बोर्ड आणि सुरी थेट भांड्यांच्या सिंकला, ओटा साबण आणि मग सॅनिटायझरने, आणि पुन्हा हात धुवा. हे हात धुणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

हातमोजे घातले असतील तर इथे बदला. मोजे घातले म्हणजे हात स्वच्छ झाले असं समजून त्याच मोज्यांनी सगळीकडे हात लावणारा उमेदवार, उघड्या हातांनी पण वारंवार धुऊन काम करणाऱ्यापेक्षा धोकादायक असतो.

मिनिट ४८: टोमॅटोला तेल सुटलं की चिकन घालून मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं परता. मग गरम पाणी. गार पाणी घातलं तर शिजणं थांबतं आणि तुमची तीन-चार मिनिटं जातात. झाकून बारीक आचेवर.

मिनिट ५२: जिऱ्याची फोडणी, निथळलेला तांदूळ, दीडपट गरम पाणी. पाणी आटेपर्यंत साधारण बारा मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण न उघडता मुरू द्या. मुरताना झाकण उघडून बघणाऱ्यांचा भात वरून कोरडा होतो.

मिनिट ७५: चिकनच्या जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता थर्मामीटर घाला. पंच्याहत्तर अंश हवे. हाडाला टेकलं तर आकडा चुकीचा येतो. थर्मामीटर आधी आणि नंतर पुसा. थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून बघा: आतला रस स्वच्छ हवा, हाडाजवळ गुलाबी नको. चव वेगळ्या चमच्याने, तो चमचा लगेच बाजूला.

मिनिट ७६ ते ८०: दही घोटून काकडी, मीठ, जिरेपूड. रश्श्याचं मीठ शेवटचं बघा. आटल्यावर मीठ वर येतं, म्हणून आधी बेताचंच ठेवलेलं असावं.

तपासा: ऐंशीव्या मिनिटाला सगळं शिजलेलं आहे का? नसेल तर सजावट सोडून द्या. कच्चं चिकन छान ताटात दिलं तर चाचणी तिथेच संपते.

## टप्पा ७: मधेच अडथळा येणार, तो धरूनच चाला

पंचावन्नाव्या मिनिटाला शेफ येऊन म्हणतात, "अजून एक पोर्शन, जैन पनीर." चाचणीतला हा नेहमीचा धक्का आहे. यात पदार्थापेक्षा तुमचं डोकं जागेवर राहतं का, हे बघतात.

पहिलं काम: गॅस बारीक करा. तुमचं लक्ष दुसरीकडे गेलं तरी काही करपणार नाही, एवढं आधी पक्कं करा. दुसरं, ऑर्डर मोठ्याने परत म्हणा: "येस शेफ, एक जैन पनीर, कांदा-लसूण-बटाटा नाही, आलं पण नको ना शेफ?" परत म्हटल्याने चूक तिथेच पकडली जाते, आणि बोलताना श्वासही जागेवर येतो. तिसरं, वेळ सांगा: "वीस मिनिटं, शेफ." मनातला अंदाज बारा असेल तर वीस सांगून पंधरात द्या. दहा सांगून वीसात दिलेला पदार्थ भर पिकअपमध्ये, म्हणजे ताटं बाहेर जायच्या घाईत, दुसऱ्या सेक्शनचंही गणित बिघडवतो.

मग कृती. तुमच्या कढईतली ग्रेव्ही कांद्या-लसणाची आहे, ती चालणार नाही, आणि तो कालथाही चालणार नाही. स्वच्छ पॅन, स्वच्छ चमचा, धुतलेला बोर्ड. टोमॅटो, काजूची पेस्ट, दही, जिरं, हिरवी मिरची, पनीर. दही फुटू नये म्हणून ते चमचाभर कॉर्नफ्लोअरसोबत घोटून, गॅस बारीक असताना घाला. आणि काजू घालण्याआधी एक प्रश्न विचारा: "शेफ, गेस्टला नटची ॲलर्जी नाही ना?" हा प्रश्न ऐकला की पॅनलवरचे सगळे मान वर करून बघतात.

बाकीच्या अपघातांसाठीही उत्तर आधी ठरलेलं असावं.

बोट कापलं तर लगेच थांबा, सांगा. जखम धुवा, निळी पट्टी लावा, वर मोजा घाला. पट्टी निळी असते ती अन्नात पडली तर दिसावी म्हणून. रक्त लागलेली भाजी आणि तो बोर्ड, दोन्ही काढून टाका. बोट तोंडात घालून काम चालू ठेवणं हा सरळ बाद होण्याचा मार्ग आहे.

तळ करपला तर खरवडू नका आणि ढवळू नका. वरचा रस्सा दुसऱ्या भांड्यात अलगद काढून घ्या. चव घ्या. करपल्याचा वास आला असेल तर शेफना सांगून पुन्हा करा, लपवण्यासाठी गरम मसाला वाढवू नका.

खारट झालं तर बटाटा टाकून मीठ शोषलं जातं ही समजूत सोडा. बिनमिठाचा टोमॅटो, दही किंवा साधी ग्रेव्ही वाढवूनच खारटपणा पातळ होतो.

चालताना बोला. गरम भांडं घेऊन कुणाच्या मागून जाताना "पीछे, गरम" हे मोठ्याने म्हणायची पद्धत सगळ्या किचनमध्ये आहे. ती नुसती शिस्त नाही, त्याने माणूस भाजायचा वाचतो. गरम भांडं उचलायला डस्टर कोरडाच हवा, ओल्या डस्टरमधून वाफ थेट हाताला लागते.

सावधान: घाई झाली की पहिल्यांदा हात धुणं सुटतं. शेफ मुद्दाम घाई करतात ते हेच बघायला. वेळ कमी पडत असेल तर पुदिन्याचं पान सोडा, पण हात धुणं सोडू नका.

## टप्पा ८: ताट आणि ओटा

ताट गरम हवं, रायत्याची वाटी थंड. गार ताटात वाढलेली करी दोन मिनिटांत निवते आणि तिच्यावर साय धरते. तुकडे दिसतील असे मांडा, रस्सा बेताचा, भात वेगळा. ताटाची कड कोरड्या, स्वच्छ कागदाने पुसा, ओट्याच्या डस्टरने नव्हे. वर कोथिंबिरीचं एक पान पुरे. खाता न येणारी सजावट नको.

ताट ठेवताना पदार्थाचं नाव आणि त्यात दही किंवा काजू असेल तर तेही सांगा. शेफ चव घेताना समोर उभे राहून "कांदा जरा..." असं स्पष्टीकरण सुरू करू नका. विचारलं तर जे चुकलं ते नेमकं सांगा: "मीठ किंचित जास्त आहे, शेफ, मी आटण्याआधी पूर्ण घातलं." स्वतःच्या पदार्थातली चूक ओळखता येणारा माणूस शिकवता येतो, हे पॅनलला कळतं.

आता शेवटची सहा मिनिटं. उरलेलं अन्न उथळ डब्यात, झाकून, नाव-तारीख-वेळ लिहून. गॅसचं बटण आणि मागचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद. भांडी सिंकला, ओला आणि सुका कचरा वेगळा, सुरी धुऊन पुसून म्यानात. सुरी कधीही साबणाच्या पाण्याच्या टबात सोडू नका, हात घालणाऱ्याला ती दिसत नाही. ओटा पुन्हा साबण, मग सॅनिटायझर. जमीन तेलकट झाली असेल तर पुसा.

ताटाला गुण दिल्यावर शेफ सहज चालल्यासारखे तुमच्या ओट्याकडे जातात. बऱ्याच निवडी तिथे ठरतात.

## टप्पा ९: निघण्याआधी विचारायचं

चाचणी झाली की एचआरकडे बसवतात. इथे संकोच करू नका. ड्यूटी सलग नऊ तासांची की ब्रेक शिफ्ट? ब्रेक शिफ्ट म्हणजे दुपारी तीन-चार तास सुटी आणि रात्री पुन्हा हजर. घर लांब असेल तर तो वेळ स्टाफ रूममध्येच जातो, तेव्हा राहण्याची सोय आहे का ते विचारा. रात्री उशिरा सुटल्यावर गाडी मिळते का? पगार हातात किती, पीएफ कापून किती? सर्व्हिस चार्जचा वाटा मिळत असेल तर तो पगारात धरलेला आहे की वेगळा? युनिफॉर्म धुऊन मिळतो का?

उत्तरं वहीत लिहा. ऑफर लेटर हातात पडेपर्यंत आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, आणि नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठून या.